तापलेल्या टोकाच्या सळया आणि उष्णतावाहकतेची तुलना : एका प्रचलित प्रयोगाची चिकित्सा

सारांश

निरनिराळ्या धातूंच्या सळया एका टोकाला तापवून, त्यांच्या अंगावरील तापमान मोजून धातूंच्या उष्णतावाहकतेची तुलना करण्याचा प्रयोग शाळा-महाविद्यालयांतून दीर्घकाळ केला जात आहे. प्रस्तुत लेखात या प्रयोगाच्या रचनेची व त्यातून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांची तपासणी केली आहे. प्रयोगातून मिळणारा धातूंचा क्रम बहुधा बरोबर येतो, परंतु तो ज्या तर्कावर आधारलेला असतो तो तर्क सदोष आहे, असे येथे दाखविले आहे. तांबे, ॲल्युमिनिअम, पितळ, पोलाद व शिसे या पाच धातूंचे उदाहरण गणिताने सोडवून, त्याच साध्या साहित्यातून विश्वसनीय तुलना कशी करता येईल, याचाही विचार केला आहे.

कळीचे शब्द : उष्णतावाहकता, स्थिर अवस्था, विसरणता, अतिरिक्त तापमान, सळई, तापमापी.

१. प्रस्तावना

तांब्याच्या तळाचे भांडे लवकर तापते आणि लोखंडी उलथन्याचे टोक तव्यात असूनही त्याची मूठ बराच वेळ हातात धरवते, हे आपल्या घरातील प्रत्येकाला ठाऊक असते. त्यामुळे विद्यार्थी प्रयोगशाळेत येतो तो उत्तर घेऊनच. तांबे पहिले, ॲल्युमिनिअम दुसरे, पितळ तिसरे आणि लोखंड शेवटचे, हा क्रम त्याने पुस्तकातही वाचलेला असतो. सळया स्पिरिटच्या दिव्यावर तापविल्या जातात, मेणाने चिकटविलेल्या टाचण्या एकामागून एक गळतात किंवा तापमापींचे पारे चढतात, आणि अपेक्षित क्रम वहीत उतरतो. शिक्षक सही करतात. प्रयोग यशस्वी झाला असे सर्वांना वाटते.

प्रस्तुत लेखकाचा आक्षेप येथेच आहे. ज्या प्रयोगाचे उत्तर आधीच ठरलेले असते आणि जो कसाही केला तरी तेच उत्तर देतो, त्या प्रयोगात नेमके काय मोजले गेले हे विचारण्याची वेळच कोणावर येत नाही. हा प्रश्न विचारला तर असे दिसते की, सर्वसाधारणपणे केल्या जाणाऱ्या या प्रयोगात उष्णतावाहकता मोजलीच जात नाही. कधी दुसरीच एखादी राशी मोजली जाते, तर कधी खोलीतल्या पंख्याचा वारा मोजला जातो. याची कारणे क्रमाने पाहू.

२. प्रयोगाचा पूर्वेतिहास

या प्रयोगाचे मूळ अठराव्या शतकात आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांच्या सूचनेवरून यान इंगेनहाउझ या डच वैद्य-शास्त्रज्ञाने निरनिराळ्या धातूंच्या तारांवर मेणाचा लेप दिला, त्यांची टोके एकाच तापलेल्या तेलात बुडविली आणि कोणत्या तारेवरील मेण किती अंतरापर्यंत वितळते ते पाहिले. हे काम १७८९ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सर्व तारांची टोके एकाच द्रवात होती. म्हणजे सर्वांचे आरंभीचे तापमान एकच राहील, याची काळजी या साध्या रचनेतच घेतली गेली होती.

पुढे १८२२ मध्ये फुरिए यांचा उष्णतेच्या गणिती सिद्धांतावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि सळईतील तापमानाचे गणित स्पष्ट झाले. त्याच सुमारास देप्रे यांनी धातूंच्या दांड्यांना समान अंतरावर लहान छिद्रे पाडून त्यांत पारा भरला आणि त्या पाऱ्यात तापमापी बसवून मोजमापे घेतली. १८५३ मध्ये वीडमान आणि फ्रांझ यांनी तापमापींऐवजी थर्मोकपल वापरले, आणि सर्व सळयांचा पृष्ठभाग सारखा व्हावा म्हणून त्यांवर चांदीचा मुलामा दिला. सळईच्या पृष्ठभागाबद्दल एवढी दक्षता त्यांनी का घेतली, हे पुढे चौथ्या भागात उलगडेल.

आजच्या पदवी प्रयोगशाळेत तांब्याच्या वाहकतेसाठी सर्लचे उपकरण असते. त्यात जाड सळईभोवती उष्णतारोधक आवरण असते आणि वाहून गेलेली उष्णता पाण्याच्या प्रवाहाने प्रत्यक्ष मोजली जाते. त्या प्रयोगाबद्दल येथे तक्रार नाही. तक्रार आहे ती उघड्या सळयांच्या तुलनात्मक प्रयोगाबद्दल, कारण बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या वाट्याला तोच येतो.

३. पहिला दोष : शर्यत आणि वाहकता यांची गल्लत

प्रयोगाचे सर्वांत लोकप्रिय रूप म्हणजे शर्यत. सर्व सळया एकदम तापवावयाच्या आणि कोणाची टाचणी आधी पडते, किंवा पाच मिनिटांनी कोणाचा पारा अधिक चढतो, ते पाहावयाचे. आधी पडली म्हणून वाहकता अधिक, असा निष्कर्ष काढला जातो.

हा तर्क चुकीचा आहे. उष्णता सळईतून पुढे सरकताना वाटेतला धातूही तापवीत जाते. जो धातू तापण्यासाठी थोडी उष्णता घेतो, त्यातून तापमानाची लाट लवकर पुढे जाते, मग त्याची वाहकता कमी का असेना. म्हणून लाटेचा वेग वाहकतेवर अवलंबून नसतो. वाहकतेला घनता व विशिष्ट उष्णता यांच्या गुणाकाराने भागून येणाऱ्या राशीवर तो अवलंबून असतो. या राशीला विसरणता असे म्हणता येईल.

शिसे आणि साधे पोलाद यांची जोडी घेतली की फरक उघड होतो. आपल्या बाजारात लोखंडी सळई म्हणून जी मिळते, ती बहुधा साध्या पोलादाची असते. तिची वाहकता सुमारे ५० वॅट प्रति मीटर प्रति केल्व्हिन धरता येते, तर शिशाची सुमारे ३५. म्हणजे पोलाद अधिक चांगले वाहक आहे. परंतु एक घन सेंटिमीटर पोलाद एका अंशाने तापविण्यास सुमारे ३.८ ज्यूल उष्णता लागते, तर तितक्याच शिशाला १.५ ज्यूल पुरते. त्यामुळे शिशाची विसरणता पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आहे.

आता जेऊर येथे हा प्रयोग वाफेवर केला आहे अशी कल्पना करू. गाव समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून थोडे अधिक उंचीवर असल्याने तेथे पाणी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. खोलीचे तापमान २८ अंश आणि मेणाचा वितळणबिंदू ५५ अंश धरू. सळईचे टोक एकदम ९८ अंशांवर आणून तेथेच ठेवले, तर टोकापासून ३ सेंटिमीटर अंतरावरील टाचणी शिशावरून सुमारे २५ सेकंदांत पडेल, आणि पोलादावरून सुमारे ४६ सेकंदांत. शर्यतीचा निकाल ग्राह्य मानला तर शिसे हे पोलादापेक्षा चांगले वाहक ठरेल.

पण त्याच सळया तशाच ठेवून पाऊण-एक तास वाट पाहिली तर चित्र उलटते. १० मिलिमीटर व्यासाच्या सळया उघड्या, शांत हवेत असतील, तर शिशावरील मेण टोकापासून सुमारे ९ सेंटिमीटरपर्यंत वितळून थांबेल. पोलादावरील मेण मात्र जवळजवळ ११ सेंटिमीटरपर्यंत वितळेल. आरंभी मागे पडलेले पोलाद अखेरीस पुढे जाते. या दुसऱ्या अवस्थेत सळईच्या प्रत्येक भागात जितकी उष्णता येते तितकीच बाहेर जाते, धातू तापविण्यात काही खर्च होत नाही. म्हणून तिला स्थिर अवस्था म्हणतात, आणि वाहकतेची तुलना याच अवस्थेत करता येते.

या उदाहरणात एक व्यावहारिक सूचनाही दडलेली आहे. शिशाची सळई स्पिरिटच्या ज्योतीत धरता कामा नये, कारण शिसे सुमारे ३२७ अंशांना वितळते. कदाचित याच कारणाने नेहमीच्या संचात शिसे नसते, आणि म्हणून शर्यतीतील दोष उघडकीस येत नाही. तांबे, पितळ आणि लोखंड या त्रयीत वाहकतेचा क्रम आणि विसरणतेचा क्रम योगायोगाने एकच आहेत. चुकीची पद्धत बरोबर उत्तर देते ती या योगायोगाच्या आधारावर.

शर्यत निरुपयोगी आहे असे मात्र नव्हे. ती विसरणता मोजते, एवढे मान्य केले की तिला तिची जागा मिळते. ॲंगस्ट्रॉम यांनी १८६१ मध्ये सळईचे टोक आळीपाळीने तापवून व थंड करून तापमानाच्या लाटांवरून हीच राशी मोजली, आणि घनता व विशिष्ट उष्णता स्वतंत्रपणे विचारात घेऊन तीवरून वाहकता काढली. ही शेवटची पायरी वगळून शर्यतीच्या निकालाला वाहकतेचे नाव देणे, हा खरा दोष आहे.

४. दुसरा दोष : तापमानालाच वाहकता समजणे

काही ठिकाणी प्रयोग अधिक काळजीपूर्वक केला जातो. स्थिर अवस्था येईपर्यंत थांबून, सर्व सळयांच्या १० सेंटिमीटर अंतरावरील तापमापी वाचल्या जातात. मग तापमानांचे गुणोत्तर म्हणजेच वाहकतांचे गुणोत्तर असे लिहिले जाते. ही पायरी किती फसवी आहे, हे वरच्याच संचाचे गणित केल्यावर दिसते.

३० सेंटिमीटर लांब, १० मिलिमीटर व्यासाच्या सळया, गरम टोक ९८ अंशांवर, खोली २८ अंशांवर, आणि पृष्ठभागावरून हवेत जाणारी उष्णता प्रति चौरस मीटर, प्रति अंश फरकामागे १० वॅट, असे धरू. शांत हवेतील उघड्या सळईसाठी हा अंदाज वाजवी आहे. मग १० सेंटिमीटर अंतरावर तांब्याचे तापमान सुमारे ८५ अंश, ॲल्युमिनिअमचे ७९, पितळेचे ६९ आणि पोलादाचे ५७ अंश येते.

क्रम अपेक्षेप्रमाणे आहे. परंतु ८५ आणि ५७ यांचे गुणोत्तर काढले तर तांबे पोलादाच्या केवळ दीडपट वाहक ठरते. थोडा जाणता विद्यार्थी खोलीचे तापमान वजा करील. त्याला अतिरिक्त तापमान ५७ व २९ मिळेल, आणि गुणोत्तर जवळजवळ दोन येईल. प्रत्यक्षात तांब्याची वाहकता सुमारे ३९० आहे, म्हणजे पोलादाच्या जवळजवळ आठपट. दीड, दोन आणि आठ या तीन उत्तरांत एवढे अंतर असताना ‘प्रयोगावरून पुस्तकातील माहिती पडताळली’ असे वहीत लिहिणे कितपत प्रामाणिक आहे?

हे अंतर का पडते, तेही समजून घ्यावयास हवे. लांब सळईत अतिरिक्त तापमान टोकापासून दूर जाताना समान अंतरामागे समान प्रमाणात घटते. ही घट किती अंतरात होते, त्या अंतराचा वर्ग वाहकतेच्या प्रमाणात असतो. तापमान स्वतः तसे नसते. म्हणूनच वितळलेल्या मेणाच्या लांबीची तुलना करतानाही लांबी वापरून चालत नाही, लांबीचा वर्ग घ्यावा लागतो. शिसे व पोलाद यांच्या वरील उदाहरणात ९ आणि ११ यांच्या अचूक मूल्यांचे वर्ग घेतले की ३५ आणि ५० यांचे गुणोत्तर परत मिळते.

याच ठिकाणी पृष्ठभागाचा प्रश्न येतो. सळईवरून हवेत जाणारी उष्णता सर्व सळयांसाठी सारखी आहे, असे वर गृहीत धरले. ती सारखी नसेल तर सारी तुलना कोसळते. लखलखीत तांबे आणि गंजलेली सळई यांच्यात उत्सर्जनाचा फरक इतका असतो की गंजलेल्या सळईवरून प्रति अंश जाणारी एकूण उष्णता दीडपटही भरू शकते. वीडमान-फ्रांझ यांनी चांदीचा मुलामा का दिला, याचे उत्तर हेच. आपल्याला चांदीची गरज नाही. सर्व सळयांना एकाच डब्यातील काळा रंग पातळ थराने लावला तरी तोच हेतू साध्य होतो.

पंख्याची गोष्ट याहून गंभीर आहे. सोलापूर जिल्ह्यातील उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून तासभर प्रयोग करा म्हणणे विद्यार्थ्यांना शिक्षा वाटेल. पण पंख्याच्या वाऱ्यात पृष्ठभागावरील उष्णतेचा व्यय १० वरून २५ वर गेला असे धरले, तर पितळेच्या सळईचे १० सेंटिमीटरवरील तापमान ६९ वरून सुमारे ५५ अंशांवर येते. वाऱ्यात ठेवलेले पितळ आडोशाला ठेवलेल्या पोलादापेक्षा थंड दिसते! चार सळया टेबलावर चार दिशांना पसरलेल्या असतील आणि पंखा एका बाजूला असेल, तर क्रमसुद्धा बिघडू शकतो. असे घडल्यास ‘निरीक्षणात चूक झाली’ असे म्हणून आकडे दुरुस्त केले जातात. वास्तविक ती चूक नसते. प्रयोगाने वाऱ्याबद्दल खरी माहिती दिलेली असते, आपण मात्र ती खोडून टाकतो.

५. तिसरा दोष : सळईची जाडी आणि तापमापीचा फुगा

तापमापी वापरणाऱ्या रचनेत एक अडचण मुळातच आहे. पाऱ्याच्या तापमापीचा फुगा बसविण्यासाठी सळईला साधारण ६ मिलिमीटरचे छिद्र पाडावे लागते. १० मिलिमीटरच्या सळईत असे आरपार छिद्र पाडले, तर त्या जागी जवळजवळ तीन चतुर्थांश छेद नाहीसा होतो. उष्णतेला तेथे अरुंद फटीतून जावे लागते. शिवाय तापमापीची काच बाहेर उभी राहून थोडी उष्णता हवेत सोडते. अर्थात, ज्या सळईचे तापमान आपण मोजू पाहतो, ती सळई मोजमापामुळेच बदलते.

मग सळई जाड घ्यावी, असे सुचेल. परंतु जाड सळईत तापमान फारसे उतरतच नाही. आपल्या उदाहरणातील ३० सेंटिमीटरच्या तांब्याच्या सळईचे मोकळे टोकसुद्धा सुमारे ७५ अंशांवर असते, आणि ॲल्युमिनिअमचे ६५ अंशांवर. दोहोंवरील मेण शेवटपर्यंत वितळते आणि तुलनेला जागाच उरत नाही. जाडी वाढविली तर हे अधिकच बिकट होईल. थोडक्यात, तापमापीला जाड सळई हवी असते आणि तुलनेला बारीक. देप्रे यांनी छिद्रात पारा भरून या अडचणीतून अर्धी वाट काढली, तर वीडमान-फ्रांझ यांनी थर्मोकपल वापरून पूर्ण. आज साध्या मल्टिमीटरसोबत मिळणारे बारीक थर्मोकपल दोन मिलिमीटरच्या छिद्रात बसते, त्यामुळे ही अडचण आता टाळता येण्याजोगी आहे.

६. त्याच साहित्यातून विश्वसनीय तुलना

वरील टीकेवरून हा प्रयोग अभ्यासक्रमातून काढून टाकावा असा निष्कर्ष निघत नाही. थोडे बदल केले तर तो खरोखर मोजमापाचा प्रयोग होऊ शकतो.

पहिली अडचण गरम टोकाची. एकाच ज्योतीवर ठेवलेल्या सळयांची टोके सारख्या तापमानाला नसतात, कारण तांबे उष्णता झपाट्याने ओढून नेते आणि त्याचे टोक तुलनेने थंड राहते. वाफेच्या डब्यात टोके बसविली तरी सांध्यात थोडा फरक राहतोच. दुसरी अडचण मोकळ्या टोकाची. सळई आखूड असल्याने समान प्रमाणात घट होण्याचा नियम तेथे लागू पडत नाही. या दोन्ही अडचणींवर एक जुना उपाय आहे, तो देप्रे यांच्या काळापासून ज्ञात आहे.

सळईवर समान अंतरावरील तीन बिंदू घ्यावेत, उदाहरणार्थ गरम टोकापासून ५, १५ आणि २५ सेंटिमीटरवर. प्रत्येक बिंदूच्या तापमानातून खोलीचे तापमान वजा करावे. पहिल्या व तिसऱ्या अतिरिक्त तापमानाची बेरीज करून तिला मधल्याच्या दुपटीने भागावे. येणारी संख्या टोकांचे तापमान काहीही असले तरी बदलत नाही. ती केवळ धातू, जाडी, पृष्ठभाग आणि बिंदूंतील अंतर यांवर अवलंबून असते. सूत्ररूपाने,

(θ₁ + θ₃) / 2θ₂ = cosh(md),  m² = 4h / kD

येथे d हे दोन बिंदूंतील अंतर, D हा सळईचा व्यास, k ही वाहकता आणि h हा पृष्ठभागावरील व्यय. दोन सळयांचा व्यास आणि पृष्ठभाग सारखा असेल, तर त्यांच्या m² चे व्यस्त गुणोत्तर म्हणजेच वाहकतांचे गुणोत्तर. h चे मूल्य माहीत असण्याची गरजच राहत नाही.

आपल्या उदाहरणात अर्ध्या अंशापर्यंत वाचन करणाऱ्या विद्यार्थ्याला पोलादाच्या सळईवर ४५, १९.५ आणि १०.५ अशी अतिरिक्त तापमाने मिळतील. त्यांवरून गुणोत्तर १.४२३ येते, आणि md चा वर्ग ०.७९. तांब्यावर त्याला ६२.५, ५२ आणि ४७.५ मिळाले, तर गुणोत्तर १.०५८ येते आणि md चा वर्ग ०.११४. दोहोंचा भागाकार सुमारे ७ येतो. दीड किंवा दोन या आधीच्या उत्तरांपेक्षा हे उत्तर खऱ्या ७.८ च्या कितीतरी जवळ आहे.

पण येथेही एक मर्यादा आहे, आणि ती विद्यार्थ्याने स्वतः अनुभवावी अशी आहे. तांब्यावरील मधले तापमान ५२ ऐवजी ५२.५ वाचले गेले, तर उत्तर ७ वरून ८.४ वर जाते. केवळ अर्ध्या अंशाने एवढा बदल! कारण तांब्यावर तापमान इतके हळू उतरते की वक्राचा बाक जवळजवळ दिसत नाही, आणि आपण मोजतो तो नेमका बाकच. पोलादाच्या बाबतीत मधल्या वाचनातील तेवढ्याच चुकीने m² मध्ये सुमारे ८ टक्क्यांचा फरक पडतो, तांब्याच्या बाबतीत सुमारे २० टक्क्यांचा. म्हणजे चांगला वाहक मोजणे हे वाईट वाहक मोजण्यापेक्षा कठीण आहे. यावर उपाय म्हणजे सळई अधिक लांब वा अधिक बारीक घेणे.

शेवटी कार्यपद्धतीविषयी. प्रयोगापूर्वी सर्व तापमापी किंवा थर्मोकपल एकाच भांड्यातील कोमट पाण्यात एकत्र ठेवून त्यांच्या वाचनांतील फरक टिपून घ्यावा, कारण बाजारी तापमापींत एखाद्या अंशाचा फरक सहज असतो. सळया एकमेकींपासून दूर, आडव्या आणि पंख्याच्या वाऱ्यापासून कापडी किंवा पुठ्ठ्याच्या आडोशाने सुरक्षित असाव्यात. आडोसा सळईला चिकटून नसावा. स्थिर अवस्था आली की नाही हे घड्याळावरून ठरवू नये. सर्वांत दूरचे वाचन दहा मिनिटांत बदलले नाही, तर ती आली असे मानावे. वरील पोलादाच्या सळईला यासाठी पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो, आणि प्रात्यक्षिकाची नेहमीची तासिका त्याआधीच संपत येते. तेव्हा वाफेचा डबा तासिका सुरू होण्यापूर्वीच पेटवून ठेवावा. मे महिन्यातील दुपारी खोली चाळीस अंशांवर असेल, तर गुणोत्तरे बदलणार नाहीत, मात्र अतिरिक्त तापमाने लहान झाल्याने वाचनातील चूक अधिक जाणवेल. हिवाळ्यातील सकाळ या प्रयोगास अधिक अनुकूल आहे.

७. निष्कर्ष

प्रस्तुत चिकित्सेवरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. सळयांची शर्यत विसरणतेची तुलना करते, वाहकतेची नव्हे, आणि शिसे व पोलाद यांच्या जोडीने हे कोणत्याही प्रयोगशाळेत दाखविता येते. स्थिर अवस्थेतील तापमानांचे गुणोत्तर हे वाहकतांचे गुणोत्तर नसते, त्यातून आठपटीचा फरक दुपटीएवढाच दिसतो. पृष्ठभाग आणि वारा सारखे नसतील तर क्रमही विश्वसनीय राहत नाही. तीन बिंदूंच्या पद्धतीने याच साहित्यातून अर्थपूर्ण उत्तर मिळते, परंतु तांब्यासाठी त्यातील अनिश्चितता वीस टक्क्यांपर्यंत असते आणि ती उत्तरासोबत लिहिली पाहिजे.

यावरून एक सूचना करावीशी वाटते. प्रात्यक्षिक परीक्षेत या प्रयोगाचे गुण धातूंच्या क्रमासाठी देऊ नयेत, कारण तो क्रम विद्यार्थ्याला घरातील भांड्यांवरूनच ठाऊक असतो. ज्याच्या वहीत तांबे-पोलाद गुणोत्तर ७ आले आहे आणि ते ७.८ का आले नाही हे ज्याने अर्ध्या अंशाच्या हिशेबाने सांगितले आहे, त्याला पूर्ण गुण द्यावेत. ज्याच्या वहीत ते नेमके ७.८ आले आहे, त्याला मात्र मूळ वाचने दाखवावयास सांगावे.